सोलापुरातल्या लग्नाला येता येणार नाही, हे कसे कळवावे

माझा भाचा पुण्याला नोकरी करतो. गेल्या वर्षी त्याला एकाच लग्नाची दोन निमंत्रणे आली. पहिले निमंत्रण सोलापूरच्या काकांचे होते. हे काका म्हणजे त्याच्या दिवंगत वडिलांचे मित्र, आणि वडील गेल्यानंतरच्या दोन वर्षांत घराकडे लक्ष ठेवणारा माणूस. दुसरे निमंत्रण त्याच्याच कार्यालयातल्या आयर्लंडच्या सहकाऱ्याचे होते, कारण काकांची मुलगीही त्याच कार्यालयात काम करीत होती आणि लग्न त्या दोघांचेच होते. काका आणि काकू स्वतः पुण्याला जाऊन, देवापुढे पत्रिका ठेवून, हातावर अक्षता देऊन आले होते. सहकाऱ्याने ईमेल पाठवला होता. भाच्याच्या बायकोच्या बाळंतपणाची तारीख मात्र नेमकी लग्नाच्या आठवड्यातलीच निघाली. त्याने मला फोन करून विचारले, "मामा, नाही कसं म्हणू?" त्या संध्याकाळी आम्ही जे ठरवले आणि लिहिले, तेच येथे क्रमाने मांडतो. सोलापुरात नव्याने राहायला आलेल्यांना आणि मराठीत पत्र लिहिण्याची सवय नसलेल्यांना त्यातले बरेचसे जसेच्या तसे वापरता येईल.

पत्रिका हातात आल्यावर

सर्वांत आधी पत्रिका शेवटपर्यंत वाचावी. नकार कोणाला कळवायचा हे तीत लिहिलेले असते. मराठी पत्रिकेत बोलावणारे नवरा-नवरी नसतात, निमंत्रक असतात, म्हणजे बहुधा आईवडील किंवा घरातले वडीलधारे. त्यामुळे नवरी तुमची मैत्रीण असली आणि तिला तुम्ही व्हॉट्सॲपवर कळवून मोकळे झाला असलात, तरी निमंत्रकाच्या दृष्टीने तुम्ही अजून काहीच कळवलेले नसते. पत्रिकेच्या तळाशी आहेर आणू नयेत अशी ओळ आहे का, हेही याच वेळी पाहून ठेवावे. सोलापुरात कन्नड आणि तेलुगू घरांतूनही आमंत्रणे येतात आणि पत्रिका कधी दोन भाषांत असते. अशा घरी उत्तर मराठीत दिले तर कोणाला वावगे वाटत नाही.

कोणी घरी येऊन अक्षता दिल्या असतील, तर त्याच क्षणी दारात नकार देऊ नये, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे "बघतो", "जमवतो" असेही म्हणू नये. आपल्याकडे शुभकार्याच्या आमंत्रणाला नाही म्हणणे जिभेवर जड येते, म्हणून लोक "बघतो" म्हणतात आणि मनात नकार ठेवतात. ऐकणारा तो होकार धरतो. मी स्वतः तरुणपणी एका स्नेह्यांना असे "जमवतो" म्हणून गेलो नव्हतो. पुढे कळले की पंगत बसताना त्यांनी माझे पान मांडून ठेवले होते आणि वाढप्याला दोनदा थांबवले होते. त्यांनी मला कधी बोलून दाखवले नाही, पण पुढच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका मला टपालाने आली. अशा वेळी अक्षता दोन्ही हातांनी घ्याव्यात, "फार आनंद झाला, तारीख पाहून दोन दिवसांत फोन करतो" असे म्हणावे आणि खरोखरच दोन दिवसांत फोन करावा.

मराठी पत्रिकेत उत्तराची मुदत छापलेली नसते, म्हणून पुष्कळांना वाटते की उत्तर अपेक्षितच नाही. जेवणाचा अंदाज आचाऱ्याला किंवा केटररला आठ-दहा दिवस आधी द्यावा लागतो. तुमचा नकार त्याच्या आत पोहोचला तरच यजमानाच्या उपयोगाचा. लग्नाच्या दिवशी सकाळी पाठवलेला दिलगिरीचा निरोप कोणी वाचत नाही, कारण त्या दिवशी निमंत्रकाचा फोन बहुधा कोणा भाचरांच्या हातात असतो.

आधी फोन, मग पत्र

हा क्रम उलटा करू नये. नकार पहिल्यांदा कागदावर किंवा संदेशात वाचावा लागला, तर वडीलधाऱ्या माणसाला तो तुटक वाटतो. आवाजात ऐकला की त्यातला संकोच त्याला कळतो. पत्र नंतर जावे, म्हणजे फोनवर जे घाईत राहून गेले ते नीट सांगता येते आणि घरातल्या इतरांनाही वाचून दाखवता येते.

फोनवर आणि पत्रातही एका क्रियापदाकडे फार लक्ष द्यावे लागते. "मी लग्नाला येणार नाही" हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, पण त्यात निर्णय ऐकू येतो. जणू विचार करून न येण्याचे ठरवले आहे. "मला लग्नाला येता येणार नाही" या वाक्यात इच्छा तशीच राहते आणि फक्त वाट अडते. पत्रात "येणे होणार नाही" किंवा "उपस्थित राहता येत नाही, याचे वाईट वाटते" हेही चांगले. "यायचे जमेल असे वाटत नाही" हे मात्र टाळावे, कारण त्यात दार किलकिले राहते आणि यजमान पान धरून चालतो. नकार एकदाच, एका वाक्यात आणि स्पष्ट असावा. मऊपणा त्याच्या मागच्यापुढच्या वाक्यांत आणावा, त्या वाक्यात आणू नये.

कारण किती सांगावे, हा खरा प्रश्न. अगदीच न सांगितले तर आपल्याकडे राग असल्याची शंका येते. फार सांगितले तर बनाव वाटतो. एक खरे कारण एका वाक्यात सांगणे पुरेसे आहे. भाच्याचे कारण आनंदाचेच होते, म्हणून ते लपवण्याची गरज नव्हती. तरी पहिल्या खर्ड्यात त्याने "सौ.चे दिवस भरत आले आहेत" असे लिहिले होते, ते मी खोडले. गर्भारपणाबद्दल हा शब्दप्रयोग रूढ आहे हे खरे, पण "दिवस भरले" याचा दुसरा अर्थही प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असतो आणि लग्नघरच्या कागदावर त्याची सावलीही नको. त्याऐवजी "बाळंतपणाची तारीख" असे सरळ लिहिले.

याच न्यायाने, घरात सुतक असेल किंवा कोणी अत्यवस्थ असेल, तर ते पत्रात लिहू नये. मंगलकार्याच्या घरी अशुभ वार्ता कागदावर पाठवण्याची रीत नाही. अशा वेळी पत्रात "घरगुती अडचणीमुळे" एवढेच लिहावे आणि खरे काय ते लग्नघराच्या जवळच्या, पण धावपळीत नसलेल्या एखाद्या माणसाला तोंडी सांगून ठेवावे; तो योग्य वेळ पाहून सांगतो.

फोनवर नकार दिला की आग्रह होणार हे धरूनच चालावे. काकांनीही केला. "एक दिवसाचं तर काम हाय बे, सकाळी यायचं, अक्षता टाकायच्या, रात्री परत," असे ते म्हणाले. सोलापूरच्या "बे"मध्ये जवळीक असते, नव्याने आलेल्यांनी तो अपमान समजू नये. आग्रह झाला की माणूस गांगरून दुसरे कारण पुढे करतो, सुट्टी नाही म्हणतो, गाडी मिळत नाही म्हणतो, आणि तिथे पहिले कारणही खोटे वाटू लागते. आग्रहाला उत्तर म्हणून तेच कारण पुन्हा, जरा अधिक जिव्हाळ्याने सांगावे. भाचा म्हणाला, "काका, पुण्याहून अडीचशे किलोमीटरवर असताना तिला दवाखान्यात न्यावं लागलं, तर मी तिथं मांडवात उभा राहून काय करू?" त्यावर काका हसले आणि विषय मिटला.

पत्र

फोननंतर दोन दिवसांनी भाच्याने हे पत्र पाठवले. कागदावर हाताने लिहून टपालाने पाठवले, आणि माझ्या मते घरी येऊन अक्षता दिलेल्या निमंत्रणाला तेच शोभते.

"तीर्थस्वरूप काका आणि काकू यांना शिरसाष्टांग नमस्कार.

आपण दोघे एवढ्या लांब येऊन, देवापुढे पत्रिका ठेवून, आम्हाला चि. सौ. कां. ताईच्या लग्नाचे आमंत्रण देऊन गेलात, याचा आम्हा सर्वांना फार आनंद झाला. बाबा असते तर आज ते आठ दिवस आधीच सोलापुरात येऊन बसले असते, असे आई त्या दिवसापासून म्हणते आहे.

फोनवर सांगितल्याप्रमाणे, आमच्या घरी बाळंतपणाची तारीख लग्नाच्या आठवड्यातलीच आहे, त्यामुळे आम्हा दोघांना लग्नाला येता येणार नाही. याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. आमच्या घरातर्फे आई एकटी येईल. ती आदल्या रात्री हुतात्मा एक्स्प्रेसने पोहोचेल आणि मामांकडे उतरेल, म्हणून तिच्या राहण्याची सोय आपण करू नये.

ताई आणि जावईबापू पुण्यात आहेत, तोवर त्यांनी एक दिवस आमच्याकडे केळवणाला यावे, अशी आमची इच्छा आहे. आपली परवानगी असेल तर ताईशी बोलून दिवस ठरवतो. लग्नाच्या दिवशी मुहूर्ताच्या वेळी आम्ही येथूनच अक्षता टाकू.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,"

आणि खाली त्याचे घरातले नाव, कारण काका त्याला त्याच नावाने हाक मारतात.

आता यातल्या काही जागा उलगडून सांगतो. "तीर्थस्वरूप" हा शब्द वडिलांच्या जागी असलेल्या माणसासाठी आहे. जुन्या पत्रांत तो "ती. स्व." असा आखडून लिहीत, पण आज "स्व." दिसले की लोक स्वर्गीय असे वाचतात. हयात माणसाला लग्नाच्या प्रसंगी असे काही लिहून पाठवण्यापेक्षा अख्खा शब्द लिहिण्याचे कष्ट घ्यावेत. समोरचा माणूस वडीलधारा नसून कार्यालयातला परिचित किंवा अधिकारी असेल, तर "मा. श्री." आणि त्यांचे नाव, आणि खाली "स. न. वि. वि.", म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष, एवढे पुरते. "चि. सौ. कां." हे नवरीच्या नावामागे पत्रिकेत जसे छापलेले असते तसेच उचलावे.

घरात काकांशी बोलताना भाचा त्यांना "तुम्ही" म्हणतो, पत्रात मात्र "आपण" आहे. हा बदल मुद्दाम केला आहे, कारण हे पत्र काकांच्या घरी दहा माणसे वाचणार हे आम्हाला माहीत होते. पण एकदा "आपण" धरले की शेवटपर्यंत तेच ठेवावे. मधेच "तुम्ही" आले की पत्र दोघांनी मिळून लिहिल्यासारखे दिसते.

पत्रात कुठेही "आशीर्वाद" नाही, हेही सहज घडलेले नाही. आशीर्वाद वयाने मोठ्याने द्यायचा असतो. ताई भाच्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. तिला "उभयतांस अनेक आशीर्वाद" असे लिहिले असते तर काकूंनी ते पत्र हसत हसत साऱ्या लग्नघराला वाचून दाखवले असते. धाकट्यांनी शुभेच्छा द्याव्यात किंवा येथल्यासारखे अक्षतांवर भागवावे. अक्षतांचे ते वाक्य सोलापूरच्या माणसाला विशेष भिडते. दर वर्षी जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्याजवळ योगदंडाचा प्रतीकात्मक विवाह लागतो आणि जमलेली हजारो माणसे जिथे उभी असतील तिथूनच अक्षता टाकतात. लांबून टाकलेली अक्षताही पोहोचते, हे इथल्या लोकांना समजावून सांगावे लागत नाही.

आणि "आई एकटी येईल" या तीन शब्दांकडे पुन्हा पाहावे. निमंत्रण सहकुटुंब असते, त्यामुळे "आम्हाला येता येणार नाही" एवढ्यावर थांबलात तर यजमानाला मोजता येत नाही. कोण येणार, किती जण आणि कुठे उतरणार, हे आकड्यात कळले पाहिजे. घरातले एक माणूस पाठवणे हा आपल्याकडचा सर्वांत सभ्य नकार आहे. त्यात घर येते, फक्त तुम्ही येत नाही.

केळवण आणि आहेर

पाठवायला माणूस नसेल, तर केळवण ही त्याखालोखालची वाट. लग्नाआधी वराला किंवा वधूला, आणि हल्ली दोघांनाही, आप्तांनी घरी जेवायला बोलवायचे, ही रीत जुनी आहे. ज्याला लग्नाला जाता येत नाही त्याने ती विसरू नये, कारण मांडवात दोनशे माणसांत झाली नसती एवढी भेट ताटावर होते. आमंत्रण पत्रात मोघम ठेवू नये. "कधीतरी या" हे आमंत्रण नव्हे. पत्रानंतर आठवडाभरात दिवस ठरला पाहिजे.

आहेराचे पाकीट आईबरोबर पाठवले. पत्रिकेत आहेर नको असे असते तर पाठवले नसते. नको म्हटल्यावर न जाणाऱ्याने पैसे पाठवणे हे गैरहजेरीची भरपाई केल्यासारखे दिसते. पाकिटावर कोणाकडून ते स्पष्ट लिहावे, आणि रक्कम नेहमीसारखी वर एक रुपया ठेवून, ५०१ किंवा १००१ अशी. न गेल्याबद्दल ती वाढवू नये.

परदेशी सहकाऱ्याला इंग्रजीत

इंग्रजी चिठ्ठी काकांच्या पत्रानंतर, पण त्याच दिवशी गेली. एकाच लग्नाच्या दोन बाजूंना कळवायचे असते तेव्हा कारण दोन्हीकडे शब्दशः एकच असावे लागते, कारण पुढे ताईच्या मार्फत दोन्ही पत्रे एकत्र वाचली जातात. फरक लांबीचा आहे. मराठीत जे पाच परिच्छेदांत आले, ते इंग्रजीत चार-पाच वाक्यांत येते: आभार, खेद, कारण, शुभेच्छा. अक्षता, देवापुढची पत्रिका आणि बाबांची आठवण ही इंग्रजीत नेऊ नये. सहकाऱ्याला ती समजावून सांगताना चिठ्ठीचा निबंध होतो. चिठ्ठी अशी होती:

```
Dear ...,

Thank you both so much for inviting us to your wedding.
I'm very sorry that we won't be able to come: our baby is
due that same week, and I need to stay in Pune. My mother
will be there for all of us.

I hope you have a wonderful day, and we'd love to have you
both over for a meal before you leave for Solapur.

Warm regards,
```

भाच्याच्या पहिल्या खर्ड्यातले तीन शब्द आम्ही बदलले, आणि आपल्याकडचे बहुतेक लोक तिथेच अडखळतात. त्याने लग्नासाठी "मॅरेज" लिहिले होते. आपण मराठीत बोलताना दोन्ही अर्थांनी तोच शब्द वापरतो, पण इंग्रजीत "मॅरेज" म्हणजे मुख्यतः पुढचा संसार. समारंभाला "वेडिंग" म्हणतात. बायकोबद्दल त्याने "कॅरिंग" लिहिले होते. आयर्लंडच्या माणसाला त्यावर ती काय उचलून नेते आहे असा प्रश्न पडला असता. आणि शेवटी "आय विल ट्राय माय लेव्हल बेस्ट" होते. हे आपल्या "जमवतो"चेच भाषांतर आहे, आणि ते वाचून सहकारी त्याचे नाव यादीत ठेवून देईल. "आउट ऑफ स्टेशन" हा शब्दही अशा चिठ्ठ्यांत फार दिसतो. भारताबाहेर तो सहसा कोणाला कळत नाही.

परदेशी निमंत्रणात बहुधा उत्तराची तारीख दिलेली असते, कधी आर.एस.व्ही.पी. ही फ्रेंच आद्याक्षरे असतात. ती दिसली की त्या तारखेच्या आत हो किंवा नाही कळवणे बंधनकारकच समजावे. कारण देणे तिथे सक्तीचे नसते. कारणाशिवायचा नकारही कोणी रागाचा धरत नाही. आग्रहही होत नाही. भाच्याला सहकाऱ्याचे उत्तर दहा मिनिटांत आले: काळजी करू नकोस, बायकोला आणि बाळाला शुभेच्छा, जेवायला नक्की येतो. भाचा जरा खट्टू झाला. दुसऱ्यांदा विचारलेही नाही म्हणाला. काकांच्या "बे"ची सवय असलेल्याला असे वाटणारच, पण त्या उत्तरात कोरडेपणा नव्हता. त्यांच्याकडे पहिलाच नकार खरा मानणे हा आदर असतो.

लग्नानंतर

लग्नाच्या दिवशी फोन करू नये. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी करावा आणि पुन्हा न येण्याची क्षमा मागत बसू नये. क्षमा पत्रात झालेली असते. फोनवर लग्न कसे झाले ते विचारावे आणि समोरच्याला बोलू द्यावे. आपल्या माणसाने परत येऊन जे सांगितले असेल, त्यातली एखादी बारीक गोष्ट काढली की लग्नघराला बरे वाटते. भाच्याने विचारले की जावयांना फेटा नीट बसला का, कारण आईने येऊन तो दोनदा सुटल्याचे सांगितले होते. काका त्यावर पंधरा मिनिटे बोलले.

आणि न येण्याचे जे कारण दिले असेल, त्याचे पुढे काय झाले हे आपणहून कळवावे, नाहीतर ते कारण अधांतरी राहते. बाळ झाल्याचा पहाटेचा तिसरा फोन सोलापूरला, काकांना गेला. आणि बारशाची पत्रिका छापून आली तेव्हा पहिली प्रत घेऊन भाचा स्वतः काकांच्या घरी आला, देवापुढे ती ठेवली आणि काकूंच्या हातावर अक्षता दिल्या.